‘नाइन स्टोन ट्वेल्व्ह’ म्हणजे किती किलो? केअर होममध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

इंग्लंडमध्ये केअर होमच्या नोकरीवर आले तेव्हा हॉइस्ट, औषधांच्या नोंदी आणि यॉर्कशायरचे उच्चार यांची धास्ती होती. वजनाचा हिशोब अडवेल असं मनातही नव्हतं. शाळेत गणित बरं होतं, आणि हातात फोन होता. तरी पहिल्या दोन महिन्यांतच माझी एक नोंद चुकली, तीही थोडीथोडकी नाही, साडेचार किलोंहून जास्त.

झालं असं. नोव्हेंबरात एक नवीन आजी राहायला आल्या. आमच्याकडे आल्या दिवशी वजन घेतात आणि आधीचं वजन नातेवाइकांना विचारतात. मुलीने सांगितलं की ऑगस्टमध्ये आईचं वजन ‘नाइन स्टोन ट्वेल्व्ह’ होतं. फॉर्मवर कुणीतरी ते ‘९.१२’ असं लिहिलं. मी फोनच्या कन्व्हर्टरमध्ये स्टोन निवडून ९.१२ टाकलं आणि ५७.९ किलो उत्तर मिळालं. त्या दिवशी आमच्या काट्यावर आजी ५८.२ भरल्या. म्हणजे तीन महिन्यांत तीनशे ग्रॅम वाढ. छान, म्हणून मी रकाना भरून टाकला.

दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या एक ताई, त्या आमच्याकडे बारा वर्षं आहेत, सकाळी आजींना कपडे चढवताना थांबल्या. स्कर्ट कमरेला सेफ्टी पिनने आवळलेला होता, आणि पिनेची जागा मागच्या टोच्यांपेक्षा आत सरकली होती. मला म्हणाल्या, “अगं, तीनशे ग्रॅम वाढलेल्या बाईचा स्कर्ट सैल कसा होईल?” मग दोघी जुना फॉर्म घेऊन बसलो. पुढे लिहिते ती पद्धत त्या दुपारी त्यांनी मला शिकवली. बरीचशी उदाहरणंही याच आजींची आहेत.

काय जवळ ठेवायचं

- साधा कॅल्क्युलेटर, फोनमधला चालेल.
- खाली दिलेला छोटा तक्ता, एका चिठ्ठीवर उतरवून. आमच्याकडे तो वजनकाट्याच्या दांड्याला चिकटवलेला आहे.
- ज्या कागदावरून वजन घेताय तो मूळ कागद: दवाखान्याचं पत्र, जुन्या होमची नोंद किंवा दाखल होतानाचा फॉर्म. कुणीतरी आधीच किलोत केलेल्या आकड्यावर विसंबू नका.
- वजन कुठल्या महिन्यातलं आहे ती तारीख. तारखेशिवाय जुनं वजन बिनकामाचं.

१. आधी एवढं पाठ करा: चौदा

एक स्टोन म्हणजे १४ पाउंड. एक पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. हा आकडा अंदाजाचा नाही. १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी मिळून ठरवलेला तो नेमका आकडा आहे. आपल्या कामाला ०.४५३६ पुरतो. त्या हिशोबाने एक स्टोन साधारण ६.३५ किलोंचा होतो.

पाउंड आपल्याला परका नाही. आपल्याकडे जुन्या मुंबईत ज्याला रत्तल म्हणत तो हाच. शिवाय चाळीस शेरांचा मण आणि सोळा छटाकांचा शेर वापरणाऱ्यांच्या आपण नातवंडं-पतवंडं आहोत, त्यामुळे चौदाचा हिशोब ऐकून फार नाक मुरडायला नको. इंग्लंडमध्ये पूर्वी स्टोनसुद्धा मालागणिक वेगळा असे. लंडनच्या खाटकांचा स्टोन आठ पाउंडांचा होता. लोकरीचा चौदा पाउंडांचा स्टोन १३५० साली राजा तिसऱ्या एडवर्डच्या कायद्याने ठरला, आणि शेवटी तोच टिकला. १९८५ च्या कायद्याने व्यापारातून तोही गेला. आज दुकानात कुणी स्टोनने बटाटे विकत नाही. माणसाचं वजन मात्र ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये घरोघरी अजून स्टोनमध्येच बोलतात, विशेषतः वयस्कर माणसं. दवाखाना आणि होमच्या नोंदी किलोत असतात. या दोहोंच्या मधे आपण उभे असतो.

लिहिताना स्टोनसाठी `st` आणि पाउंडासाठी `lb` वापरतात. `lb` मधला एल-बी पाहून गोंधळू नका. ते लॅटिन ‘लिब्रा’चं आखूड रूप आहे, आणि पैशांच्या पाउंडाची खूणही त्याच शब्दातून आली.

२. आकडा कसा बोलतात ते नीट ऐका

इथली माणसं ‘पाउंड’ हा शब्द बहुतेक वेळा गाळतात. ‘नाइन स्टोन ट्वेल्व्ह’ म्हणजे नऊ स्टोन बारा पाउंड. कधी स्टोनही गाळतात, नुसतं ‘नाइन ट्वेल्व्ह’. पहिला आकडा स्टोनचा, दुसरा पाउंडाचा.

‘हाफ’ आलं की सावध व्हा. ‘नाइन अँड अ हाफ स्टोन’ म्हणजे साडेनऊ स्टोन, अर्थात नऊ स्टोन सात पाउंड, कारण अर्धा स्टोन सात पाउंडांचा. पण ‘नाइन स्टोन फोर अँड अ हाफ’ म्हणजे नऊ स्टोन साडेचार पाउंड. हाफ कुणाला चिकटलंय ते ऐकायचं. ‘शी लॉस्ट हाफ अ स्टोन’ हे वाक्य तर रोज कानावर पडेल. ते आहे सात पाउंड, म्हणजे सव्वातीन किलोंना किंचित कमी.

दुसरा आकडा फक्त ० ते १३ यांतलाच असू शकतो, कारण चौदा पाउंड झाले की पुढचा स्टोन लागतो. कुणी ‘नऊ स्टोन सोळा’ लिहिलं असेल तर काहीतरी चुकलंय. अंदाजाने दुरुस्त करू नका, विचारा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी फोनवर सांगितलेलं वजन वेगळं असतं. तिकडे स्टोन नाहीच, नुसते पाउंड असतात. ‘वन थर्टी-एट’ असं ऐकलं तर ते सरळ १३८ पाउंड. त्यांच्यासाठी खालची तिसरी पायरी गाळून थेट चौथीवर जा.

३. सगळं पाउंडात आणा

स्टोन गुणिले चौदा, अधिक वरचे पाउंड. आजींचं उदाहरण:

९ स्टोन × १४ = १२६
१२६ + १२ = १३८ पाउंड

चौदाचा पाढा दहापर्यंत बहुतेकांना येतो. त्यापुढे १४० मध्ये चौदा मिळवत जायचं: अकराचे १५४, बाराचे १६८, तेराचे १८२.

ही पायरी कागदावर लिहा, मनात ठेवू नका. नोंदीच्या कडेला ‘९-१२ = १३८’ एवढं दिसलं तरी पुढच्या माणसाला तुम्ही काय केलंत ते कळतं. माझ्या नोंदीत नुसतं ५७.९ होतं. ते कुठून आलं हे शोधायला आम्हाला अर्धी दुपार लागली.

४. पाउंडाचे किलो करा

१३८ × ०.४५३६ = ६२.६ किलो.

झालं. एक दशांश स्थळ पुरे. काही जण ६२.५९६ असं तीन स्थळांपर्यंत लिहितात, त्यात अर्थ नाही. मुलीने ‘बारा’ सांगितलं तेव्हा ते साडेअकरा ते साडेबारा पाउंडांमधलं काहीही असू शकतं, आणि अर्धा पाउंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमांच्या वर. मूळ आकडाच तेवढा जाड असताना ग्रॅमचा आव आणू नये. याच कारणाने, जुनं वजन स्टोनमधलं आणि नवं किलोतलं असेल, आणि फरक दोनतीनशे ग्रॅम दिसत असेल, तर त्याला वाढ किंवा घट म्हणू नका. तो फरक आहे की नाही हेच सांगता येत नाही.

कॅल्क्युलेटर जवळ नसेल तर तोंडी हिशोब असा. पाउंडांचे निम्मे करा, निम्म्यातून दहावा भाग वजा करा, आणि शेवटी अर्धा किलो मिळवा.

१३८ चे निम्मे ६९. दहावा भाग ६.९. उरले ६२.१. अर्धा किलो मिळवला, ६२.६.

अर्धा किलो मिळवायचं कारण साधं आहे. निम्मे करून दशांश काढणं म्हणजे ०.४५ ने गुणणं, आणि खरा आकडा ०.४५३६ आहे. दर शंभर पाउंडांमागे साधारण साडेतीनशे ग्रॅम कमी पडतात. दहा स्टोनच्या आसपासच्या माणसाला ही तूट अर्ध्या किलोची होते. फार बारीक किंवा फार जाड माणसासाठी अर्ध्या किलोच्या जागी थोडं कमी-जास्त धरा. पण तोंडी उत्तर पडताळणीसाठीच ठेवा, नोंदीत कॅल्क्युलेटरचंच घाला.

काट्याला चिकटवायचा तक्ता हा. डावीकडून स्टोनचे किलो घ्या, उजवीकडून पाउंडांचे, आणि बेरीज करा.

| स्टोन | किलो | पाउंड | किलो |
|---|---|---|---|
| ६ | ३८.१ | १ | ०.५ |
| ७ | ४४.५ | २ | ०.९ |
| ८ | ५०.८ | ३ | १.४ |
| ९ | ५७.२ | ४ | १.८ |
| १० | ६३.५ | ५ | २.३ |
| ११ | ६९.९ | ६ | २.७ |
| १२ | ७६.२ | ७ | ३.२ |
| १३ | ८२.६ | ८ | ३.६ |
| १४ | ८८.९ | ९ | ४.१ |
| १५ | ९५.३ | १० | ४.५ |
| | | ११ | ५.० |
| | | १२ | ५.४ |
| | | १३ | ५.९ |

आजींसाठी ५७.२ आणि ५.४, बेरीज ६२.६. तीनही वाटांनी उत्तर एकच.

५. टिंबाचा सापळा

माझी चूक इथे झाली, म्हणून इथे जरा रेंगाळते.

‘९ स्टोन १२ पाउंड’ कुणी ‘९.१२’ असं लिहिलं की ते टिंब दशांशचिन्हासारखं दिसतं. कन्व्हर्टर त्याला दशांशच समजतो: नऊ स्टोन आणि एका स्टोनचे बारा शतांश. एका स्टोनचे बारा शतांश म्हणजे दीड पाउंडाहूनही थोडं जास्त, पावणेदोनच्या आसपास. म्हणजे मी आजींचे बारा पाउंड टाकले आणि यंत्राने पावणेदोन घेतले. उरलेले दहा पाउंड हवेत.

यात एक गंमत आहे, आणि ती कळली की जुन्या नोंदी वाचताना फार उपयोग होतो. टिंबापुढे एकच अंक असेल, म्हणजे ९.४ किंवा ९.७, तर दशांश धरल्यामुळे वजन खऱ्यापेक्षा जास्त निघतं. ९.४ मध्ये हा फरक सातशे ग्रॅमांचा, ९.९ मध्ये दीड किलोच्या वर. पण टिंबापुढे १०, ११, १२ किंवा १३ असेल तर वजन खऱ्यापेक्षा कमी निघतं, आणि तेही चार ते पाच किलोंनी. चूक एकच, पण कधी वर ढकलते, कधी खाली. त्यामुळे एखाद्याचं वजन दर महिन्याला जत्रेतल्या पाळण्यासारखं वरखाली होताना दिसलं, तर त्या माणसाच्या जेवणाआधी लिहिणाऱ्याचं टिंब तपासा.

जुन्या कागदावरचं टिंब खरं दशांश आहे की पाउंडांचं, हे ओळखायची खूण अशी. टिंबापुढे १० ते १३ असेल तर ते जवळजवळ नक्की पाउंड. १४ च्या वर असेल, उदाहरणार्थ ९.८६, तर ते पाउंड असूच शकत नाहीत, कारण चौदा झाले की स्टोन होतो. तो खरा दशांश, कुठल्यातरी संगणकातून आलेला. तिथे ९.८६ ला सरळ ६.३५ ने गुणा, ६२.६ येईल. म्हणजे ९.८६ आणि ९ स्टोन १२ हे एकच वजन आहे. एकच अंक असेल, जसा ९.४, तर नुसतं पाहून सांगता येत नाही. कागद कुठून आला ते बघा, नाहीतर विचारा.

संगणकावर लिहिताना आणखी एक खड्डा आहे. एक्सेलच्या रकान्यात ११ स्टोन १० पाउंड म्हणून ‘११.१०’ टाकलंत की शेवटचं शून्य गळतं आणि ११.१ उरतं. नंतर वाचणारा ते अकरा स्टोन एक पाउंड वाचतो. चार किलो गेले, आणि आता मूळ आकडा कुणालाच परत मिळणार नाही. म्हणून स्टोन एका रकान्यात, पाउंड दुसऱ्या रकान्यात. A मध्ये स्टोन आणि B मध्ये पाउंड असतील तर C मध्ये हे सूत्र:

```
=(A2*14+B2)*0.45359237
```

फोनच्या कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा एकच चौकट असते, स्टोन आणि पाउंड वेगळे टाकता येत नाहीत. तिथे स्टोन निवडूच नका. तिसऱ्या पायरीवरचे १३८ घ्या, पाउंड निवडा, टाका.

हाताने लिहिताना टिंब टाळा. `9 st 12 lb` असं पूर्ण लिहा. इथल्या घोड्यांच्या शर्यतींच्या पानावर जॉकीचं वजन ‘९-१२’ असं आडव्या रेघेने छापतात, तेही चालेल. टिंब नको.

६. काटा कुठल्या मापावर आहे ते आधी पाहा

इथल्या बऱ्याच डिजिटल काट्यांना खाली किंवा मागे एक बटण असतं, ते दाबलं की किलो, स्टोन आणि नुसते पाउंड अशी मापं बदलतात. साफसफाई करताना ते चुकून दाबलं जातं. पडद्यावर बारीक अक्षरात `kg`, `st` किंवा `lb` असतं, ते वाचल्याशिवाय आकडा वाचू नका.

स्टोनचं माप ओळखायला सोपं, कारण मधे फट किंवा दोन टिंबं असतात, जसं `9:12`. फसवतात ते नुसते पाउंड. आमच्याकडे एका आजोबांच्या किलोच्या रकान्यात एका महिन्यात १४८ लिहिलेलं सापडलं. माणूस तर काडीसारखा. ते होते १४८ पाउंड, म्हणजे ६७.१ किलो. नशिबाने आकडा इतका अचाट होता की लगेच खटकला.

जुन्या घरगुती काट्याला तबकडी असेल तर दोन स्टोनच्या मधल्या रेघा मोजा. चौदा घरं असतात. आपला डोळा दहाला सरावलेला, त्यामुळे मधली लांब रेघ आपण ‘पाच’ वाचतो. ती सात आहे.

व्हीलचेअरसकट वजन घेत असाल तर आधी सगळं किलोत घ्या, मग खुर्चीचं वजन वजा करा. आजींच्या वेळी काट्यावर ७३.२ आलं, रिकामी खुर्ची १५.० भरली, उरले ५८.२. खुर्चीचं वजन एका मापात आणि माणसाचं दुसऱ्या मापात असा काला करू नका. खुर्चीवरची उशी आणि पाय ठेवायच्या पट्ट्याही दोन्ही वेळा सारख्याच असू द्या.

७. आता घट काढा

हे सगळं करायचं ते यासाठी. इथल्या केअर होममध्ये कुपोषणाचा धोका पाहायला ‘मस्ट’ नावाची तपासणी वापरतात. २००३ साली बापेन या संस्थेने ती बनवली. तिच्या एका भागात गेल्या तीन ते सहा महिन्यांत, मुद्दाम न कमी केलेलं वजन किती टक्के घटलं ते पाहतात. पाच टक्क्यांच्या आत असेल तर शून्य गुण, पाच ते दहा टक्के असेल तर एक, दहाच्या वर असेल तर दोन. उंची आणि वजनाच्या गुणोत्तराचे गुण यात वेगळे मिळवतात, पण आपण घटीपुरतंच बघू.

माझ्या चुकीच्या नोंदीप्रमाणे आजी ५७.९ वरून ५८.२ वर आल्या होत्या. घट नाहीच, गुण शून्य.

खरा हिशोब: ऑगस्टमध्ये ६२.६, नोव्हेंबरात ५८.२. फरक ४.४ किलो. ४.४ भागिले ६२.६, गुणिले शंभर, म्हणजे ७ टक्के. गुण एक.

भागताना जुन्या वजनाने भागायचं, नव्या नाही. आणि दोन्ही वजनं एकाच मापात हवीत, मग ते किलो असो की पाउंड. १३८ मधून १२८ गेले तर दहा पाउंड, आणि दहा भागिले १३८ सुद्धा सव्वासात टक्क्यांच्या आसपासच येतं. हा थोडा फरक पूर्ण पाउंडांपर्यंत आकडे गोल केल्याचा. कन्व्हर्टरवर विश्वास नसेल तर घट पाउंडातच काढून टाका, टक्के तेच राहतात.

एक गुण म्हणजे मध्यम धोका. त्यात तीन दिवस काय खाल्लं-प्यायलं ते लिहून काढतात. आम्ही लिहिलं तेव्हा कळलं की आजी दुपारचं जेवण जवळजवळ परत पाठवत होत्या. खालची कवळी सैल झाली होती, बोलत नव्हत्या इतकंच. तारखेसह दुरुस्त नोंद मी खाली नव्याने केली. जुन्या नोंदीवर एक रेघ मारून सही केली, खोडरबर किंवा पांढरी शाई वापरली नाही. इथे ते चालत नाही, आणि चालू नयेच.

८. उलटा हिशोब: नातेवाइकांना स्टोनमध्ये सांगा

मुलगी दर रविवारी यायची आणि विचारायची, आई किती झाली? ‘साठ किलो’ सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. म्हणून उलटा हिशोबही यायला हवा.

किलोंची दुप्पट करा, दुपटीत तिचाच दहावा भाग मिळवा. साठाची दुप्पट १२०, अधिक १२, म्हणजे १३२ पाउंड. त्यात चौदा किती वेळा जातात? नऊ वेळा, १२६. उरले सहा. नऊ स्टोन सहा.

इथेही एक सापळा आहे. समजा कुणी ६९.८ किलो आहे. ०.४५३६ ने भागलं की १५३.९ पाउंड येतात. दहा स्टोनचे १४० काढले, उरले १३.९. ते गोल केले की १४. आणि मग पोरं लिहितात ‘दहा स्टोन चौदा’. असं वजन नसतं, ते अकरा स्टोन आहे. आधी एकूण पाउंड पूर्णांकात गोल करा, १५४, आणि मगच चौदाने भागा. एक्सेलमध्ये स्टोन आणि पाउंडांचे दोन रकाने असे:

```
=INT(ROUND(C2/0.45359237,0)/14)
=MOD(ROUND(C2/0.45359237,0),14)
```

या गोल करण्याची एक नोंद घेण्यासारखी जागा म्हणजे रक्तदान. इंग्लंडमध्ये रक्तदात्याचं वजन किमान ५० किलो हवं, आणि सोबत ७ स्टोन १२ पाउंड असंही सांगतात. हिशोब केलात तर ७ स्टोन १२ म्हणजे ११० पाउंड, ४९.९ किलो. शंभर ग्रॅम कमी. अशा जोड्या जवळच्या पूर्ण पाउंडाला गोल केलेल्या असतात, त्यामुळे कुठेही मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर किलोचाच आकडा धरा.

कवळी बदलल्यावर जानेवारीअखेर आजी ६०.० भरल्या. रविवारी मुलीला मी आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं सांगितलं, “नाइन स्टोन सिक्स.” ती आईकडे वळून म्हणाली, अजून सहा पाउंड आले की तू पुन्हा पूर्वीची. आजींनी स्कर्टच्या कमरेला हात लावला आणि मला विचारलं, आता ती पिन काढणार का?